स्टेशनजवळच्या साध्या फ्लॅटचं पत्रक: हेडलाइन आणि चार ओळींचा मजकूर कसा लिहायचा

पालघर-बोईसर पट्ट्यात सध्या स्टेशनच्या बाहेर पडलं की हातात एक तरी पॅम्प्लेट येतंच. दहातली आठ सारखीच असतात, "निसर्गाच्या कुशीत तुमचं स्वप्नातलं घर", खाली हिरवी झाडं, गोरं हसरं कुटुंब, आणि घर कुठे आहे, केवढं आहे, केवढ्याला आहे ते शोधावं लागतं. मी या भागातल्या छोट्या बिल्डरांसाठी आणि एजंटांसाठी पत्रकं लिहितो, आणि मला मनापासून वाटतं की वन आरके, वन बीएचके घेणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त खरी माहिती लागते, कारण त्याची आयुष्यभराची बचत त्यात जाणार असते. म्हणून इथे एकच केस घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. स्टेशनजवळची साधी बिल्डिंग, तिची हेडलाइन आणि तिचा छोटा मजकूर.

केस अशी धरा. पालघर पश्चिमेला स्टिल्ट अधिक चार मजले, १६ घरं, सगळी वन बीएचके, एक लिफ्ट, काम प्लास्टरपर्यंत आलंय. स्विमिंग पूल नाही, क्लब हाऊस नाही, गेटवर गार्ड रात्रीचाच. बिल्डरने दिलेली माहिती एका कागदावर होती: "५८५ फूट, स्टेशनपासून ५ मिनिटं, २४ तास पाणी, बीच जवळ, मुंबई फक्त दीड तास." यातली प्रत्येक गोष्ट आपण तपासणार आहोत, आणि तपासून जे उरेल त्यातूनच हेडलाइन निघणार आहे. लिहायला बसायच्या आधी हे काम करायचं, नंतर नाही, कारण एकदा छान वाक्य सुचलं की माणूस त्या वाक्याला शोभेल असाच आकडा शोधत बसतो.

पहिलं काम: स्टेशनपर्यंत चालून या

स्टेशनजवळच्या घराची निम्मी किंमत त्या "जवळ"मध्ये असते, त्यामुळे यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. "५ मिनिटं" हा आकडा बहुतेक वेळा दोन ठिकाणाहून येतो, एकतर मॅपवर बिल्डिंगपासून स्टेशनपर्यंत सरळ रेघ मारलेली असते, नाहीतर बिल्डर बाईकवर गेलेला असतो. घेणारा माणूस मात्र रोज पायी जाणार आहे, पिशवी घेऊन, पावसात छत्री घेऊन.

मोजायचं ते बिल्डिंगच्या गेटपासून तिकीट खिडकीपर्यंत, आणि लोक खरंच ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्याने. मॅपमध्ये चालत जायचा मार्ग निवडा आणि तिथे येणारं अंतर मीटरमध्ये लिहून घ्या. मग ते ८० ने भागा. ८० मीटर म्हणजे साधारण चालीने एक मिनिट. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींना हाच हिशोब लावायचा नियम आहे आणि वरचे सेकंद पूर्ण मिनिट धरायचे. आपल्याकडे असा नियम नाही, पण हिशोब उत्तम आहे. आपल्या केसमध्ये सरळ रेघ भरते ५०० मीटर, म्हणून बिल्डर ५ मिनिटं म्हणत होता, पण रस्त्याने अंतर येतं ८५० मीटर. ८५० भागिले ८० म्हणजे १०.६, म्हणजेच ११ मिनिटं. पाच आणि अकरा यात दुपटीहून जास्त फरक आहे, आणि ज्याची सकाळची डहाणू-चर्चगेट लोकल ठरलेली आहे त्याला तो पहिल्याच दिवशी कळतो. विरारच्या पुढे गाड्या विरारसारख्या लागोपाठ नाहीत, एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ प्लॅटफॉर्मवर काढावा लागतो, त्यामुळे इथे मिनिटांना जास्त किंमत आहे.

कागदावर हिशोब झाला की स्वतः चालून बघा, एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर. बघायचं काय, तर रस्त्यावर दिवे आहेत का, जुलैत पाणी कुठे साचतं (हे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं की लगेच सांगतो), आणि मध्ये पूल चढावा लागतो का. बिल्डिंग रुळांच्या एका बाजूला आणि तिकीट खिडकी दुसऱ्या बाजूला असेल तर पुलाचा चढ-उतार धरूनच वेळ लिहायची. काही जण रुळ ओलांडून जायचा शॉर्टकट धरून "३ मिनिटं" लिहितात, ते अजिबात करू नका, रुळ ओलांडणं रेल्वे कायद्यात गुन्हा आहे आणि त्यात लोकांचे जीव जातात, त्या रस्त्याची मिनिटं पत्रकात छापणं म्हणजे लोकांना तिकडे पाठवणं.

आता तुम्ही म्हणाल, बाकीचे सगळे ५ लिहितात आणि आपण ११ लिहिलं तर कोण येणार? येतात. ११ हा आकडा मोजल्यासारखा वाटतो, ५ आणि १० हे ठोकून दिल्यासारखे वाटतात. आणि त्याच्या शेजारी "८५० मीटर" लिहिलं की माणूस स्वतः मॅपवर बघतो, जुळलं की बाकीच्या मजकुरावरही त्याचा भरवसा बसतो.

दुसरं: फूट कुठले ते ठरवा

५८५ फूट म्हणजे काय ते बिल्डरला विचारलं तर उत्तर आलं, "सेलेबल हो, सगळे तसंच लिहितात." सेलेबल म्हणजे घराच्या जागेवर भिंती, जिना, लिफ्ट वगैरेंचा वाटा चढवून सांगितलेला आकडा. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिलेली आहे: भिंतींच्या आतली वापरायची जागा, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडून. पत्रकात हाच आकडा द्यायचा. तो कुठून घ्यायचा, तर महारेराच्या साइटवर maharera.maharashtra.gov.in इथे प्रोजेक्टची जी माहिती भरलेली असते तिथून, बिल्डरच्या तोंडून नाही. तिथे तो चौरस मीटरमध्ये असतो. आपल्या केसमध्ये ३६.२० चौ. मी. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणून गुणाकार केला की ३८९.६ येतात. ३९० लिहू नका, ३८९ लिहा, वर ढकलायचं नाही. बाल्कनी ३.१० चौ. मी., म्हणजे ३३ फूट, ती वेगळी लिहायची.

५८५ आणि ३८९! म्हणजे वर दीडपट चढवलेलं होतं. घेणारा ५८५ मनात धरून साइटवर येतो, हॉलमध्ये उभा राहतो, इकडेतिकडे बघतो आणि काही न बोलता निघून जातो, आणि बिल्डरला वाटतं पत्रक चाललं नाही. ३८९ वाचून आलेला माणूस मात्र घरात शिरल्यावर म्हणतो, अरे, बरं आहे की. आणि फुटांपेक्षाही खोलीचं माप लोकांना लवकर कळतं, "हॉल १० बाय १३" म्हटलं की बाई लगेच मनात सोफा आणि कपाट लावून बघते. त्यामुळे टेप घेऊन स्वतः मोजा, प्लास्टर झाल्यानंतरचं माप घ्या, विटांचं नको.

पाणी, समुद्र आणि मुंबई

हे तीन शब्द कोकणपट्टीतल्या प्रत्येक पत्रकात असतात आणि तिन्ही जपून वापरावे लागतात.

"२४ तास पाणी" असं नळाला खरंच २४ तास येत असेल तरच लिहा. आपल्या केसमध्ये नगरपरिषदेचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, ते खालच्या टाकीत भरून वर चढवतात, आणि बोअर आहे. मग तेच लिहायचं. मे महिन्यात बोअरचं काय होतं ते शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला विचारा, ते काका सगळं सांगतात, आणि टँकर लागत असेल तर तुम्ही ते झाकून काही मिळवणार नाही, मेंटेनन्सच्या बिलात ते दिसणारच आहे.

समुद्र: शिरगाव, माहीम, केळवे इथे जायला पालघर स्टेशनजवळून वाहन करावं लागतं. "बीच जवळ" हे पत्रकाच्या छोट्या मजकुरात टाकलं तर विकेंड होमवाला फोन करेल, जो हे घर घेणार नाही, आणि नोकरदाराला ती ओळ निरुपयोगी आहे. काढून टाका. समुद्राच्या नावापेक्षा पावसाचं बोला, खिडक्यांना छज्जे आहेत का, पश्चिमेच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग केलंय का, कपडे वाळत घालायला आडोसा आहे का. आपल्याकडे चार महिने धो धो पडतो, इथे राहणारी बाई हे आधी विचारते.

मुंबई: "फक्त दीड तास" लिहायच्या आधी कुठल्या गाडीने, कुठपर्यंत, ते टाइमटेबल काढून बघा. एखाद्या एक्सप्रेसची वेळ धरून लिहिलेली असते आणि माणूस येणार असतो लोकलने. गाड्यांच्या वेळा बदलतात म्हणून पत्रकात छापू नका, चालू टाइमटेबल साइट ऑफिसात भिंतीला लावा आणि पत्रकात फक्त सांगा की डहाणू लोकलच्या मार्गावर आहे. बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, विरार-डहाणू चौपदरीकरण हे सगळं मजकुरात घालायचा मोह होतो, पण ती भविष्यातली कामं आहेत, तुमच्या हातात नाहीत. त्यात वाढवणच्या बाबतीत तर इथल्या मच्छीमार गावांचा वर्षानुवर्षांचा विरोध आहे, त्यांच्याच घरातला मुलगा उद्या तुमचं पत्रक वाचणार आहे. ज्याला आज राहायला जायचंय त्याला आजचं सांगा.

घेणारा कोण, ते ठरवल्याशिवाय हेडलाइन लिहू नका

या बिल्डिंगमध्ये कोण येईल? मी साइटवर आलेल्यांची नावं लिहायची वही मागून घेतो आणि वाचतो. साधारण तीन प्रकार निघतात. एक, तारापूर एमआयडीसीत ड्युटी असलेले, जे बोईसरला भाड्याने राहतात. दोन, जिल्हा मुख्यालयात, शाळांत, बँकांत नोकरी लागलेले. २०१४ ला पालघर जिल्हा झाल्यापासून हे वाढलेत. तीन, विरार-नालासोपाऱ्याला बजेट बसत नाही म्हणून पुढे सरकलेले. तिघांना एकाच हेडलाइनने धरायला गेलं की "सर्वांसाठी परवडणारं घर" असलं काहीतरी निघतं आणि ते कुणालाच आपलं वाटत नाही. एक निवडा. पत्रकं स्टेशनवर वाटणार असाल तर तिसऱ्या आणि पहिल्या प्रकारासाठी दोन वेगळ्या हेडलाइन करून दोन गठ्ठे छापा, आतला मजकूर तोच, छपाईत फार फरक पडत नाही.

हेडलाइनमध्ये तीन गोष्टी हव्यात: कुठे, काय, केवढ्याला. साध्या घराला विशेषणं लावायची गरज नसते. मी आधी भराभर पाच-सहा लिहून काढतो, चांगल्या-वाईट सगळ्या, आणि मग एकेक खोडतो. या केसमध्ये निघालेल्या बघा:

"पालघरमध्ये परवडणारी लक्झरी." खोडली. लक्झरी नाही, आणि लिहिली तर माणूस शोधत बसेल.

"स्टेशन एवढं जवळ की गाडीचा हॉर्न ऐकू येईल." खोडली. ऐकायला मजेशीर, पण ज्याला रात्रपाळी करून दिवसा झोपायचंय तो पळून जाईल, आणि खरं म्हणजे ८५० मीटरवर हे तितकं खरंही नाही.

"भाडं किती दिवस भरणार?" ही बरी वाटते पण ती कुठल्याही गावच्या कुठल्याही बिल्डिंगला चालेल, म्हणून खोडली. ही कसोटी चांगली आहे, आपली हेडलाइन दुसऱ्याच्या बिल्डिंगवर जशीच्या तशी चिकटत असेल तर ती आपली नाही.

उरल्या दोन. बोईसरवाल्यांच्या गठ्ठ्यासाठी: "बोईसरला ड्युटी, पालघरला स्वतःचं घर. मध्ये एकच स्टेशन." हे खरं आहे, मध्ये उमरोळी येतं, बस्स. आणि विरारकडून येणाऱ्यांसाठी: "पालघर स्टेशनपासून चालत ११ मिनिटं. वन बीएचके २५ लाखांपासून." दोन्ही मोठ्याने वाचून बघा, एका श्वासात होतात. दुसरीत एकही सजवलेला शब्द नाही, आणि मला तीच जास्त आवडते.

किमतीबद्दल एक. "२५ लाखांपासून" लिहिलं तर त्या किमतीचा निदान एक फ्लॅट खरोखर शिल्लक हवा, चौथ्या मजल्यावरचा असला तरी चालेल पण हवा. आणि ती ॲग्रीमेंटची किंमत आहे हे खाली लिहायचं, कारण वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि काम चालू असलेल्या घरावर जीएसटी येतो. ४५ लाखांच्या आतल्या, आकाराच्या मर्यादेत बसणाऱ्या परवडणाऱ्या घराला तो १ टक्का आहे, म्हणजे २५ लाखांवर २५ हजार. ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, आल्यानंतर विकलेल्या घराला तो लागत नाही. रजिस्ट्रेशन १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. "ऑल इनक्लुझिव्ह" लिहायचं असेल तर या सगळ्याची बेरीज करून मगच लिहा.

आता आतला मजकूर

६० ते ९० शब्द, जास्त नाही. ए-फोरची तीन घडी केली की आतल्या एका पट्टीत वाचता येईल अशा अक्षरात तेवढंच बसतं. क्रम मी असा ठेवतो की वाचणारा स्टेशनवरून निघतो, गेटपाशी येतो, घरात शिरतो, नळ उघडतो, मग किंमत विचारतो. प्रत्यक्षात घर बघायला येणारा याच क्रमाने विचार करतो म्हणून वाचताना अडखळायला होत नाही. आपल्या केसचा तयार मजकूर असा:

"पालघर पश्चिम, स्टेशनच्या तिकीट खिडकीपासून ८५० मीटर, चालत ११ मिनिटं. वाटेत भाजी मार्केट. स्टिल्टवर चार मजले, लिफ्ट, एकूण १६ घरं. वन बीएचके, ३८९ चौ. फूट कार्पेट, बाल्कनी वेगळी ३३ चौ. फूट. हॉल १० बाय १३. किचनला खिडकी, सगळ्या खिडक्यांना छज्जे. नगरपरिषदेचं पाणी सकाळी, दिवसभरासाठी टाकी आणि बोअर. घर लहान आहे, हवा आणि उजेड भरपूर. २५ लाखांपासून, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि जीएसटी वेगळं."

"घर लहान आहे" हे बिल्डरने खोडलं होतं. मी म्हटलं, "शेठ, ३८९ वाचणाऱ्याला ते कळलेलंच आहे, आपण म्हटलं तर तो पुढचं उजेडाचं खरं मानेल." ठेवलं. पण तेही दोन्ही खोल्यांत दिवसा दिवा न लावता उभं राहून बघितल्यानंतरच, खालच्या मजल्यावरच्या मागच्या दोन घरांत उजेड कमी आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी एजंटला वेगळं सांगून ठेवलं.

मजकूर झाला की बिल्डिंगशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा, कुठे आहे, केवढं आहे, केवढ्याला आहे? तिन्हीतलं एक जरी अडलं तर वाक्य लांब झालंय किंवा आकडा चुकीच्या जागी पडलाय.

छापायच्या आधी

१६ घरं आणि प्लॉट ५०० चौ. मी. हून मोठा असेल तर प्रोजेक्ट महारेरात रजिस्टर असलाच पाहिजे, सूट फक्त ५०० चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटला किंवा ८ पर्यंत घरांना आहे. नंबर येईपर्यंत पत्रकच काय, व्हॉट्सॲपवर "लवकरच येत आहे" असं पोस्टरही टाकायचं नाही, तीही जाहिरातच. नंबर, महारेराच्या वेबसाइटचा पत्ता आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड, हे तिन्ही सहज दिसेल असं छापायचं, मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नाही. एजंटचं नाव टाकत असाल तर त्याचाही महारेरा नंबर हवा. क्यूआर प्रूफवर स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करा, डिझाइनवाल्याने कोड ताणून चौकोनाचा आयत केला की कधीकधी उघडतच नाही. आणि पझेशनची तारीख लिहायची असेल तर महारेरावर दिलेलीच लिहा, तोंडी दिलेली लवकरची नको.

प्रेसमध्ये आणखी एक घोळ होतो. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून पाठवता, डीटीपीवाला ते आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलतो आणि "दुसऱ्या मजल्यावर"चं काहीतरी भलतंच होतं. त्यामुळे प्रूफ कागदावर मागवा आणि रफारवाले, ऱ्य आणि द्ध असलेले शब्द आणि प्रत्येक आकडा बोट ठेवून तपासा. आकड्यात ३ आणि ८ ची अदलाबदल झाली तर ३८९ चे ८३९ होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, ज्याला फ्लॅट विकला त्याच्या सोडून. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते, आणि घेणाऱ्याला बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत.

म्हणून छापलेल्या पत्रकाची एक प्रत, त्यावर तारीख टाकून, मॅपवरच्या अंतराचा स्क्रीनशॉट, महारेरावरचा कार्पेटचा प्रिंट आणि टेपने घेतलेली मापं असं एका फाइलला लावून ठेवा. स्वस्तातला फ्लॅट विकला गेला की "२५ लाखांपासून" बदलायचं, ओसी आली की जीएसटीची ओळ काढायची, आणि उरलेले जुने गठ्ठे एजंटांकडून परत मागवायचे, नाहीतर तेच सहा महिन्यांनी पुन्हा स्टेशनवर वाटलेले दिसतात.